बाबाचा उजवा अंगठा

पन्नास वर्षं होडीवर काढलेल्या माझ्या बापाला आयुष्यात पहिल्यांदा बोट लागली ती जेसल पार्कातल्या माझ्या सोफ्यावर. हातात गेमचा कंट्रोलर होता, समोर टीव्हीवर एक बेट होतं आणि त्या बेटावर बाबा स्वतःच्या दोन अंगठ्यांनी चालत होता. सातव्या-आठव्या मिनिटाला त्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "बादली आन." मी आधी हसले. मग धावले.

आमच्यात बापाला अहो-जाहो करत नाहीत. भाईंदर पश्चिमेला खाडीच्या काठावर आमची जुनी वस्ती आहे, तिथे बाप 'तू' असतो आणि बाहेरून आलेला कुणीही परका 'तुम्ही' असतो. आई गेल्यावर बाबा तिथे एकटाच राहायचा. पावसाळ्याच्या तोंडावर त्याला लकव्याचा हलका झटका आला. चार दिवसांत तो दवाखान्यातून चालत बाहेर आला, बोलणं शाबूत होतं, चेहरा सरळ होता. फक्त डावा हात जरा ढिला पडला होता. मी त्याला पूर्वेला, जेसल पार्कात माझ्याकडे घेऊन आले. माझ्या खिडकीतून तीच खाडी दिसते, फक्त दुसऱ्या बाजूने. पहिल्या दिवशी तो खिडकीशी उभा राहून म्हणाला, "इकडून भलतीच वंगाळ दिसते."

घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली होती. झटका मेंदूच्या ज्या भागात आला त्यामुळे कधीकधी माणसाचा दिशांचा गोंधळ होतो, डावी बाजू लक्षातच येत नाही. नजर ठेवा, काही वाटलं तर लगेच दाखवा. ते दुसऱ्या पेशंटकडे वळलेही. मी मात्र ते वाक्य घरी घेऊन आले आणि त्याला रोज पाणी घालत बसले.

हाताच्या व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टने रबरी चेंडू दिला होता. दिवसातून शंभर वेळा दाबायचा. बाबाने तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी टीव्हीच्या मागे टाकला. "हा दाबून मासा मिलनार हाय का?" असं त्याचं म्हणणं होतं. टीव्हीपाशी माझा गेमचा कन्सोल ठेवलेला असतो. मी अडतीस वर्षांची आहे, एकटी राहते आणि ऑफिसनंतर गेम खेळते. नातेवाईकांनी यातल्या प्रत्येक गोष्टीवर आपापलं मत देऊन झालेलं आहे. चेंडू शोधायला वाकले, समोर कंट्रोलर दिसला आणि मला ती कल्पना सुचली. फिजिओला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "चलेगा ना मॅडम. अंकल का अंगूठा हिलना चाहिए, बस."

ज्यांनी हे कधी हातात धरलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कंट्रोलरवर दोन बुटक्या दांड्या असतात, प्रत्येक अंगठ्याखाली एक. डावी दांडी म्हणजे पाय. पुढे ढकलली की माणूस पुढे चालतो, मागे ओढली की मागे सरकतो, बाजूला ढकलली की खेकड्यासारखा बाजूला सरतो. उजवी दांडी म्हणजे मान. तिने वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघायचं. ज्या गेममध्ये आपल्याला आपला माणूस दिसतच नाही, त्याच्या डोळ्यांतूनच सगळं बघायचं असतं, तिथे मान वळली की चालण्याची दिशाही वळते. म्हणजे चालायचं एका अंगठ्याने आणि कुठे जायचं ते ठरवायचं दुसऱ्याने, दोन्ही एकाच वेळी. मुलं हे दहा मिनिटांत शिकतात आणि मग जन्मभर विसरून जातात की हे शिकावं लागलं होतं. मीही विसरले होते.

बाबासाठी मी मुद्दाम बिनमारामारीचा गेम निवडला. एक ओसाड बेट, बेटावर एक बंद पडलेलं दीपगृह, वाटेत विझलेले कंदील. चालत जायचं, कंदील लावायचे, शेवटी वर चढून मोठा दिवा पेटवायचा. मागे कोणी लागत नाही, कोणी मारत नाही. बाबाने पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाला, "मानसं कुठं हायत?" मी म्हटलं, नाहीत. "मग दिवा कोनासाठी लावायचा?" मी म्हटलं, तुझ्या अंगठ्यासाठी.

बोट लागण्याचा बंदोबस्त मी लगेच केला. ते काम मला येतं. सेटिंगमध्ये जाऊन चालताना जो कॅमेरा पावलागणिक हलतो तो हलणं बंद केलं, वळताना चित्र पुसट होतं तेही बंद केलं, नजरेचा पसारा थोडा रुंद केला. पडद्याच्या बरोबर मध्ये एक पांढरा ठिपका चालू केला आणि बाबाला सांगितलं, चक्कर आली की ठिपक्याकडे बघायचं. सोफा टीव्हीपासून चार हात मागे ओढला. एका वेळी पंधरा मिनिटं, त्याच्या वर नाही. तिसऱ्या दिवसापासून बादली लागली नाही. "होडीत आडवी रेघ बघायची," बाबा म्हणाला. "समुद्र नि आभाल मिलतं ती. तुझा ठिपका तसाच हाय."

मग शिकवणी सुरू झाली. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहून कागद भिंतीला चिकटवला. आधी फक्त डावा अंगठा, माणसाला चालू दे. मग थांबून फक्त उजवा, चारी बाजूंना बघ. नजर क्षितिजावर ठेव, आभाळात नको, जमिनीत नको. अंगठा हळू टेकव, थोडा ढकलला तर माणूस हळू चालतो, पूर्ण ढकलला तर भरभर. दांडी खाली दाबू नकोस. हे शेवटचं दोनदा अधोरेखित केलं होतं, कारण दांडी आत दाबली की तिचं बटण होतं आणि आमच्या गेममध्ये त्या बटणाने माणूस खाली बसायचा. जाळी ओढलेल्या माणसाचा अंगठा तो. दर मिनिटाला आमचा माणूस रस्त्यात उकिडवा बसायचा. "पुन्हा बसला बघ रांडेचा," बाबा म्हणायचा आणि मला हसून पोटात दुखायचं.

दोन आठवड्यांत डावा अंगठा छान चालायला लागला. खरं तर ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता तो हात सुधारत होता. बाबा स्वतः शर्टाची बटणं लावायला लागला, चहाचा कप डाव्या हातात धरायला लागला. तिथेच मी थांबले असते तर बरं झालं असतं.

घोळ उजव्या अंगठ्याचा होता, म्हणजे धडधाकट हाताचा. कंदील उजवीकडे असला की बाबा डावीकडे बघायचा. वाट डावीकडे वळली की बाबा उजवीकडे वळून खडकावर आपटायचा. मी म्हणायचे, "उजवीकडे बघ." तो अंगठा डावीकडे ढकलायचा. "उजवीकडे रे!" तो दचकून दुसऱ्या बाजूला ढकलायचा, जास्तच ढकलायचा, आणि सगळं बेट गरकन फिरायचं. मी दांडीचा वेग कमी केला. काही फरक पडला नाही, चूक तीच, फक्त सावकाश व्हायची. हळू, विचार करून, जीभ दातात धरून करायचा तेव्हा बरोबर यायचं. जरा घाई झाली की हात उलटा जायचा.

बेटावर एक विहीर होती. तिच्याकडे बघत बघत तिच्याभोवती फेरी मारायची, हा माझा आवडता धडा. यात दोन्ही अंगठे एकत्र लागतात आणि गंमत अशी की ते एकमेकांच्या उलट जातात. डाव्या अंगठ्याने डावीकडे सरकत राहायचं आणि विहीर नजरेतून सुटू नये म्हणून उजव्याने उजवीकडे बघत राहायचं. एकदा जमलं की गेममधलं अर्धं चालणं आलं. बाबाचे दोन्ही अंगठे डावीकडे जायचे. दर वेळी. विहीर पडद्यातून निसटायची आणि बाबा बेटाच्या भलत्याच टोकाला तोंड करून उभा असायचा.

माझा स्वभाव शिकवण्याचा नाही. मी अंधेरीच्या एका कंपनीच्या कस्टमर केअरमध्ये आहे, दिवसभर अनोळखी लोकांशी मधासारखं बोलते. "सर, मला सांगा, तुम्ही बटण दाबल्यावर नेमकं काय होतंय?" हा आमचा पहिला प्रश्न असतो. चूक गिऱ्हाइकाची आहे असं आधी धरायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. घरी येईपर्यंत मध संपलेला असतो. मी बाबावर खेकसायचे. "उजवं कुठलं? हे उजवं? जेवतोस कुठल्या हाताने?" एका रविवारी तर मी त्याच्या उजव्या अंगठ्याच्या नखाला लाल नेलपॉलिश लावलं. लाल ते उजवं, लालच्या बाजूला ढकल. सत्तर वर्षांचा माणूस मुकाट्याने अंगठा पुढे करून बसला होता आणि मी ब्रश फिरवत होते. हे लिहितानाही मला लाज वाटते.

लाल नखाचाही उपयोग झाला नाही. आणि डॉक्टरांचं ते वाक्य, ज्याला मी पाणी घालत होते, त्याला आता पानं फुटली. दिशांचा गोंधळ होतो. बाबाचं डोकं हळूहळू जातंय, असं मला पक्कं वाटायला लागलं. सगळ्यात वाईट म्हणजे मी ते त्याच्यापासून लपवू शकले नाही. तो चुकला की मी गप्प व्हायचे, आणि माझं ते गप्प होणं त्याला ओरडण्यापेक्षा जास्त ऐकू जायचं.

मग तो बदलला. संध्याकाळी खाली चौपाटीवर जाऊन खाडीकडे बघत बसायचा, ते बंद केलं. विचारलं तर म्हणाला, "परत येताना वाट चुकली तर?" वाट म्हणजे सरळ रस्ता आणि एक वळण. एका सकाळी तो दारात कितीतरी वेळ उभा दिसला. खाली दोन चपला होत्या. तो आधी एकीकडे, मग दुसरीकडे बघत होता, कुठली कुठल्या पायाची ते ठरवत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. त्याच दिवशी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. पुढच्या बुधवारची मिळाली.

त्याच्या आदल्या रविवारी माझ्या चुलतभावाने होडीला नवीन इंजिन बसवलं. आमच्यात इंजिन नवं असलं की नारळ फोडतात आणि पहिली फेरी घरातल्या सगळ्यात जुन्या हाताने मारायची असते. बाबाहून जुना हात आता उरला नव्हता. चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, येतो, पण फक्त बघायला. बाबाला मी यातलं काही बोलले नाही. त्याने मात्र पांढरा शर्ट काढला, बटणं स्वतः लावली.

बंदरावर आठ-दहा माणसं होती, सगळी घरचीच. नारळ फुटला. चुलतभाऊ म्हणाला, "चल काका, बस सुकानावर." होडीच्या पाठीमागे पाण्यात जे पातं असतं ते सुकाण, आणि त्याला जोडलेला लाकडी दांडा होडीत येतो. तो हातात धरून होडी वळवायची. बाबा पुढे झाला आणि मी मध्ये पडले.

"नको. तू बस," मी चुलतभावाला म्हटलं. "त्याला नाही जमणार."

"काय न्हाय जमनार? हात चांगला झालाय की."

"हाताचं नाही." मी आवाज खाली आणला, पण बंदरावर आवाज खाली येत नाही. "त्याला डावं-उजवं कळत नाही रे आता."

बाबाचा एक पाय होडीच्या काठावर होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, अंगठ्याकडे बघत होता. नेलपॉलिश अर्धं उडालं होतं, तरी लाल दिसत होतं. मला वाटलं, आता चिडेल, शिवी देईल, निदान काहीतरी बोलेल. तो पुतण्याकडे वळला आणि लहान मुलाने विचारावं तसं त्याने विचारलं, "मना जमंल का रं?"

ज्या माणसाने मला, माझ्या आईला आणि अर्ध्या वस्तीला रात्री-अपरात्री या खाडीतून सुखरूप आणलं, तो हे विचारत होता. हे त्याच्या झटक्याने केलं नव्हतं. ते मी केलं होतं, सहा आठवड्यांत, पंधरा-पंधरा मिनिटांनी.

चुलतभाऊ चिडला, पण माझ्यावर. "क्या लगा रखा है! काका, तू बस. मी इंजिनावर हाय. काय झालं तर बंद करीन." मग मीही होडीत चढले आणि बाबाच्या अगदी शेजारी, त्याच्यासारखंच पुढे तोंड करून बसले. हेतू साधा होता. त्याने चुकीच्या बाजूला ढकललं की मी दांडा धरणार होते. मी कोळ्याची मुलगी, पण आमच्या वेळी मुलींना सुकाणावर बसवत नसत. माझी जागा नेहमी पुढे, टोपल्यांपाशी. मागे बसून बापाचा हात बघायची माझी ही पहिलीच वेळ होती.

भरती लागली होती. पाणी रेल्वेच्या पुलाकडे ओढत होतं आणि पुलाचे खांब बघता बघता मोठे व्हायला लागले. होडीचं तोंड सरळ खांबावर होतं. चुलतभाऊ पुढून ओरडला, "काका, डावीकडं घे!"

लाल नख उजवीकडे गेलं. बाबाने दांडा स्वच्छ, ठाम उजवीकडे ढकलला. मी हात पुढे केला आणि माझा हात दांड्याला लागायच्या आत होडीचं तोंड डावीकडे वळलं. हळूच, लोण्यासारखं. खांब आमच्या उजवीकडून निघून गेला, त्याच्यावरचं शेवाळ हाताला लागेल इतक्या जवळून.

मी माझा हात तसाच हवेत धरून बसले. पुढे पाणी परत ओढायला लागलं, बाबाने दांडा डावीकडे घेतला, होडी उजवीकडे गेली. परत उजवीकडे, होडी डावीकडे. तो बघतही नव्हता. डोळे लांब त्या आडव्या रेघेवर होते, हात आपलं काम करत होता.

"बाबा," मी म्हटलं, "डावीकडे जायचं असेल तर दांडा कुठे ढकलायचा?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू झटका मला आला होता. "उजवीकडं. आनखी कुठं? दांडा तिकडं गेला का पातं हिकडं येतं, नि..." आणि तो थांबला. त्याने स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

घरी आल्यावर मी चप्पलही न काढता टीव्ही चालू केला. सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या पानावर, खालून तिसरी ओळ. उजव्या दांडीची आडवी दिशा उलटी करायची, हो की नाही. ही ओळ मी शंभर वेळा बघितली होती. तिच्यावरची, वर-खाली उलटं करण्याची ओळ विमानाचे गेम खेळणारे वापरतात हे मला ठाऊक होतं. पण डावं-उजवं उलटं कोणाला हवं असेल, असं म्हणून मी दर वेळी पुढे गेले होते. बादलीच्या दिवशीसुद्धा याच यादीतून खाली उतरले होते. ज्याला ते हवं होतं तो पाठीमागे सोफ्यावर बसला होता.

आणि पुरावे कमी नव्हते. डाव्या अंगठ्याने बाजूला सरकताना बाबा कधीच चुकला नव्हता. वर-खाली बघताना चुकला नव्हता. ज्याला डावं-उजवं कळत नाही तो एकाच अंगठ्याने, एकाच कामात, घाई झाली की दर वेळी नेमका उलटा कसा चुकेल? गोंधळलेला माणूस कधी बरोबर येतो, कधी चुकतो. दर वेळी उलटा जाणारा हात गोंधळलेला नसतो, त्याला दुसरं काहीतरी पक्कं ठाऊक असतं. हे एखाद्या गिऱ्हाइकाने फोनवर सांगितलं असतं तर मी दोन मिनिटांत ओळखलं असतं. बापाला मी एकदाही विचारलं नाही, की बाबा, तू दांडी ढकलतोस तेव्हा तुला काय व्हावंसं वाटतं?

त्या दिवशी विचारलं. तो म्हणाला, "मना तो मानूस वाटतच न्हाय. डोल्यापुढचं सगलं फिरतं ना, ती होडी वाटते. पाय म्हंजे इंजिन नि हे सुकान."

मी ती ओळ 'हो' केली आणि कंट्रोलर त्याच्या हातात दिला. "विहिरीला फेरी मार."

दोन्ही अंगठे डावीकडे गेले, नेहमीसारखेच. विहीर पडद्याच्या मधोमध उभी राहिली आणि बेट तिच्यामागे गोल फिरायला लागलं. एक फेरी, दुसरी फेरी. पांढरा ठिपका विहिरीच्या कठड्यावरून हलला नाही. मला स्वतःला इतकी गोल फेरी कधी जमलेली नाही, माझी जरा अंडाकृती होते. त्याच्या दोन्ही अंगठ्यांना एकच दिशा होती, त्यामुळे ते त्याला माझ्यापेक्षा सोपं होतं. तिसऱ्या फेरीला माझ्याच्याने बघवेना.

"बाबा, चुकलं माझं," मी म्हटलं. "सहा आठवडे मी तुला ओरडत होते. चूक तुझी नव्हतीच."

तो फिरतच राहिला. मग पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "तू ओरडलीस त्याचं काय न्हाय. तुझी आय पन ओरडायची. पन तू म्हनालीस चुकलास, नि मी मानलं. तुला येतं यातलं, म्हनून मानलं." आणखी एक फेरी मारून म्हणाला, "चपलांचं पन मानलं."

म्हणजे त्या सकाळी चपलांपाशी मी त्याला बघत होते, हेही त्याला ठाऊक होतं.

बुधवारी आम्ही डॉक्टरांकडे गेलोच. भीती एकदा पोसली की तिला दाराबाहेर काढायलाही कोणीतरी मोठं माणूस लागतं. डॉक्टरांनी त्याला उजवा हात वर करायला लावला, डाव्या हाताने उजवा कान धरायला लावला, रेघेच्या मध्यावर खूण करायला लावली. सगळं बरोबर आलं. मग त्यांनी विचारलं, काही तक्रार आहे का? बाबाने माझ्याकडे बोट केलं. "हिला शिकवता येत न्हाय." डॉक्टर हसले. मीही हसले, पण थोडं उशिरा.

आता संध्याकाळी तो चौपाटीवर जातो आणि दिवेलागणीला स्वतः परत येतो. भिंतीवरच्या कागदाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात मी एक ओळ घुसवली आहे, जागा नव्हती म्हणून बारीक अक्षरात: शिकवणाऱ्याने आधी विचारावं, तुझा हात कुठल्या बाजूला जातो. दीपगृहाचा दिवा त्याने दसऱ्याच्या आसपास पेटवला. वर चढल्यावर गेम संपतो, पण बाबाने लगेच तो बंद केला नाही. गच्चीवर उभा राहून उजवा अंगठा हळूहळू फिरवत त्याने सगळा समुद्र बघितला. मग म्हणाला, "घे, तू खेल. मी बघतो."

मी कंट्रोलर घेतला आणि बेटाच्या सुरुवातीपासून निघाले. सेटिंग त्याचंच होतं, ते माझ्या लक्षात नव्हतं. पहिल्याच वळणाला मी खडकावर आपटले. सावरायला गेले तर आभाळ गरकन फिरलं. लक्षात आलं तरी मी म्हटलं, बघू, आपल्याला काय कठीण आहे. वीस वर्षं हे करतेय. दुसरा खडक. मग झाड. कंदील समोर दिसत होता आणि मी दर वेळी त्याच्यापासून लांब वळत होते. विचार करून केलं की जमायचं, घाई केली की हात उलटा. बाबा शेजारी बसून बघत होता. मी वाट बघत होते की आता म्हणेल, उजवं कुठलं, जेवतेस कुठल्या हाताने. म्हणायचा त्याचा हक्कच होता.

पाच मिनिटं त्याने मला आपटू दिलं असेल. मग डावा हात, तो ढिला पडलेला हात, पुढे केला आणि माझ्या हातातून कंट्रोलर काढून घेतला. बाबाला इंग्रजी वाचता येत नाही. त्याने सेटिंग उघडलं, कॅमेऱ्याचं पान काढलं, बोटाने हवेतच खालून ओळी मोजल्या. एक, दोन, तीन. ती ओळ बदलली आणि कंट्रोलर परत माझ्या मांडीवर ठेवला.

"हे घे," तो म्हणाला. "तुझ्या हाताचं केलंय."